विसरलेली जर्मन परत कशी आणावी

पुण्यात शाळेपासून किंवा माक्स म्यूलर भवनात जर्मन शिकलेली, बी-१ किंवा बी-२ची परीक्षा उत्तीर्ण झालेली आणि नंतर दहा-बारा वर्षे त्या भाषेशी संबंध न आलेली माणसे पुष्कळ आहेत. पुन्हा गरज पडली की ‘आपली जर्मन पार गेली’ असे मानून यांतील बरेच जण ए-१च्या वर्गाचे शुल्क भरतात आणि दुसऱ्याच आठवड्यात कंटाळतात. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे. प्रौढपणी वापर थांबल्यामुळे भाषा जाते तेव्हा बहुतेक वेळा आधी शब्द हवा तेव्हा तोंडी येण्याचे थांबते. शब्दाची ओळख त्यानंतरही दीर्घकाळ टिकते. म्हणून परत येण्याचा मार्ग नव्याने शिकण्याच्या मार्गापेक्षा वेगळा असतो आणि पुष्कळदा आखूडही.

याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी बारिक यांनी १९८४ साली प्रसिद्ध केला. शाळा-महाविद्यालयात स्पॅनिश शिकलेल्या सातशेहून अधिक लोकांची त्यांनी चाचणी घेतली. त्यांतील काहींचे शिक्षण नुकतेच संपले होते, तर काहींना ते संपवून पन्नास वर्षे झाली होती. पहिल्या तीन ते सहा वर्षांत घसरण वेगाने झाली होती, पण त्यानंतर जे उरले ते सुमारे तीस वर्षे फारसे हलले नव्हते. शिवाय ऐकलेला-वाचलेला शब्द ओळखण्याची क्षमता तो स्वतःहून आठवण्याच्या क्षमतेपेक्षा बरीच अधिक टिकली होती, आणि मुळात ज्यांनी अधिक शिकले होते त्यांच्यापाशी अधिक उरले होते.

पहिली पायरी : आपली जुनी उंची ठरवा

किती वर्षे खंड पडला याची काळजी लोक अधिक करतात, परंतु खंड पडण्यापूर्वी आपण कुठवर पोहोचलो होतो हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. जुने प्रमाणपत्र शोधा आणि त्या परीक्षेनंतर भाषा प्रत्यक्ष वापरली होती का, हे आठवा. ए-२च्या आत शिक्षण थांबले असेल तर पुन्हा आरंभापासून जाण्यात काही गैर नाही, कारण तेवढ्या ज्ञानातून टिकणारा भाग लहान असतो. बी-१ किंवा त्यापुढे गेलेल्यांनी मात्र पुढची चाचणी केल्याशिवाय कोणत्याही वर्गात नाव घालू नये.

दुसरी पायरी : काय उरले आहे ते मोजा

आपण शिकलेल्या शेवटच्या पुस्तकाच्या शब्दसूचीतून साठ शब्द निवडा. हाउस किंवा हांड यांसारखे इंग्रजीवरून सहज कळणारे शब्द घेऊ नका. ते घेतले तर निकाल खोटा चांगला येतो. प्रथम मराठी अर्थ पाहून जर्मन शब्द लिहा. जे जमले नाहीत त्यांचे जर्मन रूप पाहून अर्थ सांगता येतो का, हे तपासा. दोन्ही वेळा हुकलेले शब्द बाजूला काढून तिसरी चाचणी करा आणि ती मुळीच टाळू नका.

या तिसऱ्या चाचणीमागची कल्पना हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली मांडली होती. एखादी गोष्ट आठवत किंवा ओळखूही येत नसली, तरी ती पुन्हा शिकताना श्रम वाचत असतील, तर तिचा अंश मनात शिल्लक आहे असे समजावे. पुढे भाषा-विस्मरणाच्या अभ्यासकांनी हीच पद्धत विसरलेल्या शब्दांसाठी वापरली. घरी ती अशी करता येते. पूर्ण विसरलेले जितके शब्द निघाले, तितकेच कधीही न शिकलेले शब्द वरच्या पातळीच्या पुस्तकातून घ्या. लांबी आणि अवघडपणा साधारण सारखा असावा. एका बाजूला वस्तूंची नावे आणि दुसऱ्या बाजूला अमूर्त कल्पना असे होऊ देऊ नका. प्रत्येक शब्दाची चिठ्ठी करून एका बाजूला जर्मन शब्द आणि दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ लिहा. सर्व चिठ्ठ्या मिसळा, प्रत्येक चिठ्ठी पाच सेकंद याप्रमाणे दोनदा पाहा आणि दुसऱ्या दिवशी अर्थ विचारा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका अभियंता बाईंनी २०११ साली बी-२ पूर्ण केले आणि २०१३नंतर जर्मन वापरली नाही. साठांपैकी २१ शब्द त्यांना स्वतःहून आठवले, २३ नुसते ओळखता आले आणि १६ पूर्ण गेले. या १६ जुन्या आणि १६ नव्या शब्दांच्या चाचणीत दुसऱ्या दिवशी ११ जुने आणि ५ नवे शब्द टिकले. या बाईंनी ए-१ला जाणे म्हणजे वेळ दवडणे होय. जुने आणि नवे शब्द जवळपास सारख्याच संख्येने टिकले असते, तर मात्र त्या १६ शब्दांना नवे शब्द समजूनच शिकावे लागले असते.

तिसरी पायरी : ओळखीचे शब्द तोंडी आणा

खरे काम मधल्या ढिगाचे, म्हणजे ओळखता येणाऱ्या पण न आठवणाऱ्या २३ शब्दांचे आहे. येथे सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे जर्मन मालिका पाहत राहणे. त्यामुळे ओळख पक्की होते आणि ‘सगळे समजते’ असे समाधानही मिळते, पण बोलायला तोंड उघडले की अडचण जिथल्या तिथेच असते. शब्द आठवून काढण्याचा सराव केल्यानेच तो पुढे लवकर आठवतो. म्हणून चिठ्ठीची मराठी बाजू वर ठेवा, किमान दहा सेकंद उत्तर शोधा आणि मगच चिठ्ठी उलटा. नाम नेहमी लिंगदर्शक शब्दासह म्हणा. नुसते ‘रेशनुंग’ नव्हे, ‘डी रेशनुंग’. आठवलेला शब्द दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी पुन्हा विचारा. चुकलेला पुन्हा आरंभी आणा. दिवसाला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात.

चौथी पायरी : इंग्रजीला बाजूला ठेवा

जर्मन शब्द शोधताना आधी इंग्रजी शब्द पुढे येतो, याचे कारण इतक्या वर्षांत इंग्रजीच रोज वापरली गेली. हे दडपण किती तात्पुरते असू शकते हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. स्पेनमध्ये शिकायला गेलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तेथे असताना स्वतःच्या इंग्रजीतले शब्दही कमी सुचत होते आणि मायदेशी परतल्यावर ते पुन्हा सुचू लागले. मातृभाषेचे असे होत असेल, तर नंतर शिकलेल्या भाषेचे अधिक होणार.

मराठी माणसाला येथे एक सोय आहे, आणि वर्गात शिकवण्याचे माध्यम इंग्रजी असल्याने ती बहुधा वाया जाते. जर्मनच्या काही रचना इंग्रजीपेक्षा मराठीला जवळच्या आहेत. ‘मला थंडी वाजते’ यात अनुभव घेणारा ‘मला’ असतो, तसा जर्मनमध्ये ‘मिर’ असतो : ‘मिर इस्ट काल्ट’. इंग्रजीवरून जाणारा ‘इश बिन काल्ट’ म्हणतो आणि त्यातून आपण भावनाशून्य आहोत असा अर्थ निघतो. ‘मला ते आवडते’ यासाठी ‘मिर गेफेल्ट डास’. ‘कारण मी आजारी आहे’ यात क्रियापद जसे शेवटी, तसेच ‘वाइल इश क्रांक बिन’ यातही. ‘मी गेलो आहे’ यातील ‘आहे’ हा ‘इश बिन गेगांगन’ मधल्या ‘बिन’शी जुळतो, आणि इंग्रजीच्या सवयीने होणारी ‘इश हाबे गेगांगन’ ही चूक टळते. मात्र हा शेवटचा आधार जाण्या-येण्याच्या क्रियापदांपुरताच घ्यावा. ‘मी वाचले आहे’ याला जर्मनमध्ये ‘हाबे’च लागते. लिंगांच्या बाबतीतही मराठीवर विसंबू नये : दोन्ही भाषांत लिंगे तीन असली तरी आपला सूर्य पुल्लिंगी आणि त्यांचा स्त्रीलिंगी आहे. चिठ्ठ्यांवर इंग्रजी अर्थ लिहूच नका, आणि सरावाच्या वीस मिनिटांत इंग्रजी संदेश वाचण्याचेही टाळा.

पाचवी पायरी : एकच गोष्ट तीनदा सांगा

तीन आठवड्यांनंतर बोलण्याला हात घाला. भाषाशिक्षकांमध्ये परिचित असलेली चार-तीन-दोन ही पद्धत येथे चांगली लागू पडते. एक विषय घ्या, उदाहरणार्थ घर बदलताना झालेली धावपळ. तो आधी चार मिनिटांत, मग तीन आणि शेवटी दोन मिनिटांत सांगा. मजकूर तोच ठेवा. शक्य असेल तर प्रत्येक वेळी ऐकणारा वेगळा असावा, नसल्यास फोनवर ध्वनिमुद्रण करावे. शब्द एकदा शोधून झालेले असल्याने दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते लवकर येतात आणि लक्ष वाक्यरचनेकडे देता येते.

ध्वनिमुद्रण ऐकताना विराम कुठे पडतो ते पाहा. वाक्य संपल्यावरचा विराम प्रत्येकाच्या बोलण्यात असतो, त्याची चिंता नको. वाक्याच्या मध्ये, नामाच्या अगदी आधी अडखळत असाल, तर एक तर शब्द सुचत नाही किंवा त्याचे लिंग आठवत नाही. तो शब्द लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठ्यांत घाला. विभक्तींचे तक्ते पाठ करण्याची घाई माझ्या मते करू नये. ‘मिट डेम बुस’ यासारखे सबंध तुकडे परत आले की तक्त्याचा बराच भाग त्यांच्यासोबत येतो.

सहा ते आठ आठवड्यांनी वर्ग लावायचा असेल तर जुन्या पातळीच्या एक पायरी खाली लावावा. आपल्या अभियंता बाईंसाठी तो बी-१ ठरेल.

हे सर्व मोठेपणी किंवा शाळेत शिकून पक्क्या झालेल्या भाषेविषयी झाले. अगदी लहानपणी कानावर पडून सुटलेल्या भाषेचे गणित वेगळे असते, तिचे शब्द खरोखरच जाऊ शकतात. तरीही बालपणी हिंदी किंवा झुलू ऐकलेल्या आणि त्यांतील शब्द विसरलेल्या प्रौढांवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, चाळिशीच्या आतील माणसांना त्या भाषांतील ध्वनिभेद सरावाने पुन्हा ओळखता आले होते. याउलट, रोजच्या वापरातली भाषाच अचानक अडखळू लागली तर तो या लेखाचा विषय नाही. विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

परत आलेली जर्मन टिकवण्यासाठी आठवड्यातून एकदा चार मिनिटे बोलणे आणि दर तीन महिन्यांनी त्याच साठ शब्दांची पहिली चाचणी घेणे एवढे ठेवावे. स्वतःहून आठवणाऱ्या शब्दांची संख्या मागच्या वेळेपेक्षा आठ-दहाने घटलेली दिसली, तर पंधरा दिवस चिठ्ठ्या पुन्हा काढाव्यात.