सासरी इन्सुलिन लपवून घेताय? या चुका टाळा

माझी मावसबहीण लग्न होऊन कळव्याला गेली, तेव्हा तिला टाइप वन डायबेटिस आहे हे फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. सासू-सासऱ्यांना इतक्यात सांगायचं नाही, असं माहेरच्यांनी ठरवलं होतं. त्यामुळे ती बाथरूममध्ये जाऊन पेन टोचायची आणि बाहेर येऊन पानं वाढायला लागायची.

पहिली चूक इथेच होते. जेवणाआधीचं इन्सुलिन दहा-पंधरा मिनिटांत काम करू लागतं आणि तासा-दोन तासांत त्याचा जोर सर्वाधिक असतो. एका संकष्टीला तिने अंदाजाने साडेआठलाच डोस घेतला. चंद्रोदय उशिरा होता, मग आरती, नैवेद्य. साडेनऊला ताट समोर येण्याआधीच तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. मीटरवर ५८. सासूबाई मायेनेच म्हणाल्या, "उपासाचा अशक्तपणा आहे गं, जरा आडवी हो." अशा वेळी नुसतं झोपून राहणं घातक ठरू शकतं. सुदैवाने नवऱ्याने साखरपाणी आणून दिलं.

साखर ७० च्या खाली गेली की तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. पेढा किंवा मोदक देऊ नका. तुपा-खव्यामुळे त्यातली साखर रक्तात सावकाश पोचते. आरती थांबली तरी चालेल, हे थांबू नये.

दुसरी चूक याच्या उलट. अशा प्रसंगानंतर घाबरून किंवा "आज उपास आहे" म्हणून काही जणी इन्सुलिनच बंद करतात. रोजचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन उपाशीपोटीही लागतं. ते बंद केलं की रक्तात कीटोन नावाची घातक आम्लं वाढतात. पोटात दुखून उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरात चालू लागला, तर तडक दवाखाना गाठा. उपासाच्या दिवशी डोस किती घ्यायचा, ते आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

तिसरी चूक म्हणजे सगळं एका दमात सांगायला जाणं. बहिणीने तसं केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी तिने सासूबाईंना आधी फक्त मीटर दाखवलं.

"गोड खाऊन झालं का हे?"

"नाही आई. माझ्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. तयार करणाऱ्या पेशी शरीरानेच नष्ट केल्यात. गोडाने झालेलं नाही आणि कुणाला लागतही नाही."

त्या दिवशी सासूबाई गप्पच राहिल्या. मूलबाळ होईल ना, हा प्रश्न आठवड्याने आला. साखर आधीपासून आटोक्यात ठेवून डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतं, हे ऐकायला त्या मग दवाखान्यात सोबत गेल्या. सासऱ्यांना त्यांनीच सांगितलं.

आता पेन फ्रिजच्या दारावर असतं आणि ताट समोर आल्याशिवाय ती टोचत नाही. बेशुद्ध पडली तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा, हे सासूबाईंनी धाकट्या दिरालाही शिकवून ठेवलंय.