सात दिवसांचा गणपती, पण वीजजोडणी किती दिवसांची मागाल?

मंडपासाठी महावितरणकडे तात्पुरती जोडणी मागताना पत्रातले दोन आकडे नीट हवेत, दिवस आणि लोड. बाकीचा मजकूर चार ओळींचा असतो.

आधी दिवस मोजा. आमच्या मंडळाने एका वर्षी चतुर्थी ते विसर्जन एवढेच दिवस लिहिले. मखर मात्र तीन दिवस आधीच उभं राहत होतं, आणि रात्री ड्रिलसाठी शेजारच्या दुकानातून वायर ओढावी लागली. तसं करू नये. घराच्या किंवा दुकानाच्या मीटरवरून मंडपाला वीज देणं नियमात बसत नाही, आणि खांबावर आकडा टाकणं तर सरळ चोरी. आता आम्ही आधीचे तीन दिवस आणि विसर्जनानंतर आवराआवरीचा एक दिवस धरून अकरा दिवस मागतो.

मग लोड. मंडपवाल्याला शेजारी बसवून प्रत्येक वस्तूचे वॅट लिहून काढा. आमची यादी अशी: तीस एलईडी ट्यूब ६००, दहा फोकस ५००, आठ पंखे ६००, स्पीकर-अॅम्प्लिफायर १०००, माळा ३००, देखाव्याची मोटर ४००. एकूण ३४००. प्रसादाची २००० वॅटची इलेक्ट्रिक शेगडी विसरली होती. ती धरून ५४००. म्हणून ६ किलोवॅट मागितले. शेगडीसारखी वस्तू राहून गेली, की ऐन आरतीत एमसीबी पडतो किंवा वायर हाताला गरम लागते.

पत्र असं लिहा:

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
महावितरण, (आपला उपविभाग)

विषय: सार्वजनिक गणेशोत्सवासाठी तात्पुरती वीजजोडणी मिळणेबाबत.

महोदय,
आमचे मंडळ (पत्ता) येथे मंडप उभारत आहे. दि. … ते दि. … असे ११ दिवस ६ किलोवॅट भाराची तात्पुरती जोडणी मिळावी. जवळच्या खांबाचा क्रमांक … आहे. अनामत रक्कम व शुल्क भरण्यास मंडळ तयार आहे. जोडणी बंद करताना शेवटचे रीडिंग आमच्या प्रतिनिधीसमोर घ्यावे व उरलेली अनामत मंडळाच्या बँक खात्यात जमा करावी, ही विनंती.
आपला विश्वासू,
अध्यक्ष/सचिव (सही, शिक्का, मोबाइल)

खांबाचा क्रमांक खांबावरच रंगवलेला असतो. तो दिला की वायरमनला जागा शोधावी लागत नाही.

सोबत पोलिसांची व नगरपालिकेची परवानगी, सही करणाऱ्याचं ओळखपत्र, आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडा. अहवालावर नुसती सही घेऊ नका. ठेकेदाराला मंडपात बोलवा, अर्थिंग दाखवायला लावा आणि गळती होताच वीज तोडणाऱ्या ईएलसीबीचं टेस्ट बटण तुमच्यासमोर दाबायला सांगा. बटण दाबल्यावर तो पडलाच पाहिजे. पावसात लोखंडी खांबांच्या मंडपात पोरं हात टेकून उभी असतात.

पत्र दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. निदान पंधरा दिवस आधी जा. चतुर्थीच्या तोंडावर सगळीच मंडळं रांगेत असतात.