मलपृष्ठाचा मजकूर मराठीत आणताना : या चुका टाळा

कादंबरीचा अनुवाद वर्षभर चालतो आणि मलपृष्ठावरचा मजकूर शेवटच्या आठवड्यात, छपाईची घाई सुरू असताना उरकला जातो. पुस्तक हातात घेणारा मात्र आधी तेच शंभर-सव्वाशे शब्द वाचतो. पुस्तकाच्या आत एखादा परका संदर्भ अडला, तर पुढच्या पानांवर तो उलगडेल या भरवशावर वाचक थांबतो. मलपृष्ठावर अडला, तर तो पुस्तक खाली ठेवतो.

एक उदाहरण घेऊ. ते मी या लेखापुरतं रचलं आहे, पण त्यातले संदर्भ ब्रिटिश कादंबऱ्यांमध्ये नेहमी भेटणारे आहेत. पहिला खर्डा असा आहे :

"१९६२. जुळ्या बहिणी जोन आणि मार्गरेट इलेव्हन-प्लसला बसतात. मार्गरेट ग्रामर स्कूलमध्ये जाते. जोन जात नाही. चाळीस वर्षांनंतर बॉक्सिंग डेच्या सकाळी दोघी आईच्या कौन्सिल हाऊसच्या दारात उभ्या असतात. आत एक न फोडलेलं पत्र त्यांची वाट पाहत असतं."

व्याकरणात चूक नाही, वाक्यं आटोपशीर आहेत. तरी मराठी वाचकापर्यंत यातलं जेमतेम अर्धं पोहोचतं.

पहिली चूक म्हणजे, शब्द ओळखीचा वाटतो म्हणून तो पोहोचला असं धरून चालणं. अगदीच अनोळखी शब्द निदान खटकतो. वाचकाच्या मनात ज्याचा आधीच वेगळा अर्थ आहे तो शब्द खटकतही नाही आणि जास्त घात करतो. 'इलेव्हन-प्लस' वाचून आपल्याकडे अकरावी-बारावी आठवते, म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुली डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात ही परीक्षा दहा-अकरा वर्षांच्या मुलांची. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंड आणि वेल्समध्ये ती रुळली. तीत निवड झालेली मुलं ग्रामर स्कूलमध्ये जात आणि तिथून विद्यापीठाचा रस्ता खुला होई. बाकीची बहुतेक मुलं ज्या शाळांत जात, तिथून पुढे बहुधा लवकर नोकरीला लागणं असे. ग्रामर स्कूलचं 'व्याकरणशाळा' केलं तर अनर्थच, पण नुसतं लिप्यंतरही वाचकाला काही सांगत नाही. बॉक्सिंग डे आपल्याला ठाऊक आहे तो मेलबर्नच्या कसोटी सामन्यामुळे. त्यामुळे दोन बहिणींच्या गंभीर सकाळी वाचकाच्या कानात क्रिकेटचं समालोचन सुरू होतं.

हे ओळखण्याचा माझा साधा उपाय असा. खर्ड्यातल्या प्रत्येक संदर्भाखाली रेघ मारायची आणि समासात दोन गोष्टी लिहायच्या : मूळ वाचकाला इथे काय जाणवतं आणि आपल्या वाचकाला काय आठवेल. दोन्ही नोंदी जुळल्या तर संदर्भ तसाच राहू द्यावा. दुसरी जागा रिकामी राहिली किंवा तिथे भलतंच काही आलं, तर त्या संदर्भावर काम करायचं.

दुसरी चूक याच्या अगदी उलट्या टोकाची, आणि मला ती जास्त गंभीर वाटते. वाचकाला कळावं म्हणून संदर्भच बदलून टाकायचा : इलेव्हन-प्लसची बोर्डाची परीक्षा करायची, बॉक्सिंग डेची भाऊबीज, कौन्सिल हाऊसची चाळ. जोन आणि मार्गरेट चाळीत राहायला लागल्या की गोष्ट कुठल्याच देशात घडत नाही. शिवाय आत पुस्तक इंग्लंडमध्येच राहतं, म्हणजे मुखपृष्ठाआड एक पुस्तक आणि मलपृष्ठावर दुसरंच. 'सरकारी वसाहत' हा पर्याय निरुपद्रवी दिसतो, पण मराठीत त्याचा अर्थ सरकारी कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स असा होतो. मग वाचक आईला सरकारी नोकरीत घालतो.

यातून वाट काढायची तर संदर्भ त्या गोष्टीत काय काम करतो ते शोधावं लागतं आणि त्यासाठी पुस्तक पूर्ण वाचलेलं असावं लागतं. कौन्सिल हाऊस म्हणजे स्थानिक प्रशासनाचं भाड्याचं घर. आमच्या कादंबरीत आई गेली आहे, म्हणजे घर परत करायचं आहे आणि त्याआधी रिकामं करायचं आहे. एकमेकींशी न बोलणाऱ्या बहिणींना एका छताखाली आणणारं कारण हेच. मूळ मजकुरात हे सारं त्या एका शब्दात दडलेलं होतं. नाव गेलं तरी चालेल, ही निकड मराठीत यायलाच हवी.

तिसरी चूक खुलासा करण्याच्या भरात होते. कंस, तळटीप, 'ही इंग्लंडमधील एक परीक्षा होय' असली वाक्यं मलपृष्ठाला सोसत नाहीत. वेलांटी-उकारांमुळे देवनागरीला ओळींमधलं अंतर जास्त लागतं, त्यामुळे जागाही मुळापेक्षा कमीच असते. पण जागेपेक्षा मोठा धोका रहस्यफोडीचा आहे. परीक्षेची माहिती देता देता 'निकाल टपालाने घरी येत असे' एवढं जरी लिहिलं, तरी चतुर वाचक न फोडलेल्या पत्रात काय आहे ते तिथेच ओळखेल. म्हणून खुलाशाचं प्रत्येक वाक्य शेवटच्या प्रकरणाशेजारी ठेवून तपासावं.

या सगळ्यातून गेल्यावर मजकूर असा झाला :

"इंग्लंड, १९६२. जोन आणि मार्गरेट या अकरा वर्षांच्या जुळ्या बहिणी एकाच दिवशी एकाच परीक्षेला बसतात. पुढे कुणी शिकायचं आणि कुणी लवकर कामाला लागायचं, हे त्या परीक्षेवर ठरणार असतं. मार्गरेटची निवड होते. जोनची होत नाही. चाळीस वर्षांनंतर, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, आईचं भाड्याचं घर परत करण्याआधी दोघी ते रिकामं करायला येतात. कपाटात एक पत्र असतं. कुणीच न फोडलेलं."

'इंग्लंड' आणि 'अकरा वर्षांच्या' हे शब्द वाढले आणि चार नावं गेली. ती नावं पुस्तकाच्या आत मात्र राहू द्यावीत. तिथे 'इलेव्हन-प्लस' पहिल्यांदा येते त्या वाक्यातच तिचा अर्थ कळेल अशी मांडणी करायला जागा असते. बॉक्सिंग डेही आत खुशाल यावा. फक्त आत 'नाताळचा दुसरा दिवस' आणि 'बॉक्सिंग डे' हे दोन वेगळे दिवस वाटणार नाहीत, एवढं पाहावं.

मलपृष्ठावर वृत्तपत्रांचे अभिप्राय असतील तर त्यांना वेगळा नियम. ते दुसऱ्याचं बोलणं आहे, त्यातला संदर्भ आपल्या मर्जीने बदलता येत नाही. वाचकाला न कळणारी उपमा त्यात असेल, तर दुसरा अभिप्राय निवडण्याबद्दल प्रकाशकाशी बोलावं. वृत्तपत्राचं नाव मात्र नीट द्यावं : नुसतं 'टाइम्स' लिहिलं की आपला वाचक 'टाइम्स ऑफ इंडिया' समजतो, म्हणून 'द टाइम्स, लंडन'.

छपाईला देण्याआधी मजकूर अशा माणसाला द्यावा, ज्याने मूळ पुस्तक वाचलेलं नाही. 'कसं वाटलं?' असं विचारू नये, कारण 'छान' हेच उत्तर येतं. मजकूर परत घ्यावा आणि गोष्ट काय असेल ते सांगायला लावावं. आमच्या उदाहरणात 'मुलींचं वय काय?' आणि 'त्या घरी का आल्या?' या दोन प्रश्नांना अडखळत उत्तरं आली, तर ती वाक्यं पुन्हा लिहायची. आणि त्याने पत्रातला मजकूर बरोबर ओळखला, तर कुठलं वाक्य जास्त बोललं ते शोधून काढायचं.