टेप लावून स्टील कॉइलचं वजन कसं काढायचं?

आमच्या गावात धान्याच्या कोठ्या नि कपाटं होतात. पत्र्याची कॉइल नागपूरहून टेम्पोत येते, पण सोबत अँगल, पाइप, दुसऱ्याची कॉइल असं सगळं असतं. धरमकाट्यावर अख्ख्या गाडीचं वजन होतं, आपल्या कॉइलचं नाही. मग चलानावर लिहिलेलं वजन बरोबर आहे की नाही, हे टेपनेच पाहावं लागतं.

मापं तीन लागतात: बाहेरचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास आणि पट्टीची रुंदी. तिन्ही सेंटिमीटरमध्ये घ्या. साध्या स्टीलची घनता घन सेंटिमीटरला 7.85 ग्रॅम धरतात.

```
वजन (किलो) = 0.7854 × (D² − d²) × रुंदी × 7.85 ÷ 1000
```

D म्हणजे बाहेरचा व्यास, d म्हणजे भोकाचा.

बाहेरचा व्यास आडवा टेप धरून घेऊ नका. मध्य नेमका सापडत नाही आणि टेप सरकतो. कॉइलभोवती टेप ताणून घेर मोजा आणि 3.1416 ने भागा. पट्टीचं शेवटचं टोक वर आलं असेल, तर टेप त्याच्यावरून नेऊ नका.

परवा आलेल्या कॉइलचा घेर 283 सेंमी भरला, म्हणजे व्यास 90. भोक 50.8 सेंमी, म्हणजे 20 इंच. बऱ्याच कॉइलचं तेवढंच असतं, तरी मोजायचंच. रुंदी 30. 90 चा वर्ग 8100, 50.8 चा 2580.64, वजाबाकी 5519.36. पुढचा गुणाकार केला की 1021 किलो येतात.

इथे एक चूक सर्रास होते: आधी व्यासांची वजाबाकी करून मग वर्ग करायचा. तसं केलं तर हीच कॉइल 284 किलोची निघते! वर्ग आधी, वजाबाकी नंतर.

बाहेरच्या व्यासात एक सेंमी चुकलं, तर या कॉइलमध्ये 33 किलोंचा फरक पडतो. घेरात एक सेंमी चुकलं, तर साधारण 11 किलोंचाच. म्हणून घेराचा हट्ट.

रुंदी मात्र सुट्या पट्टीची मोजा. गुंडाळीच्या कडा सरकून पायऱ्या झाल्या असतील, तर अख्ख्या कॉइलची बाजू मोजून आकडा फुगतो.

आता चलानाशी ताळा. हिशेबाने गुंडाळी आतून भरीव धरली, पण थरांमध्ये हवा असतेच. म्हणून खरं वजन सहसा हिशेबापेक्षा थोडं कमीच भरतं, कॉइल सैल असेल तर आणखी कमी. या कॉइलच्या चलानावर 1005 असतं तर मी कुरकुर केली नसती. होतं 1060. हवेने वजन वाढत नाही. पुन्हा घेर मोजला, तोच आला. मग टेम्पोवाल्याला म्हटलं, "भाऊ, बाकी माल उतरव अन् ही एकटी काट्यावर घे."