व्यवसायाची कल्पना सुचत नव्हती, तेव्हा केलेल्या तीन याद्या

कोणता व्यवसाय करावा, या प्रश्नावर नुसता विचार करून काहीच हाती लागत नव्हते, म्हणून एका संध्याकाळी मी कागदावर तीन रकाने आखले: मला काय करता येते, माझ्या ओळखीचे कोण आहेत आणि माझ्याकडे काय पडून आहे. प्रत्येकात दहाच नोंदी असल्या, तरी एकेक उचलून हजार जोडण्या होतात. अर्थात बहुतेक निरुपयोगी असतात.

नोंद किती नेमकी आहे, यावर सारे अवलंबून असते. ‘शिवणकाम’ एवढ्यावरून काही निघत नाही. ‘पडद्याची उंची कमी करून सरळ टीप घालता येते’ असे लिहिले की निघते. ओळखीच्या माणसापुढे त्याचा हुद्दा नव्हे, तर त्याच्याकडे कामासाठी कोण येते, ते लिहावे. घरसामान हलवून देणारा मित्र, एरवी झाकूनच असलेले शिलाई मशीन आणि ती टीप एका ओळीत आल्यावर, नव्या घराच्या खिडक्यांना जुने पडदे बेतून देण्याचे काम समोर आले.

ज्या जोडणीचा पहिला ग्राहक दुसऱ्या रकान्यातून मिळण्यासारखा नव्हता, ती मी त्याच बैठकीत खोडून टाकली.