अक्षरं मोजकीच असतील तर शब्द किती होतील? घातांकी जनक फलनाने मोजणी कशी करावी

तुमच्याकडे तीन क, दोन म आणि दोन ल आहेत. त्यांतून चार अक्षरी शब्द किती तयार होतील? शब्दाला अर्थ असलाच पाहिजे असं नाही, ‘ककमल’ही चालेल आणि ‘लमलक’ही. क्रम बदलला की शब्द वेगळा धरायचा.

अक्षरं कितीही वेळा वापरता आली असती तर प्रत्येक जागी तीन पर्याय, म्हणून ३ × ३ × ३ × ३ = ८१, आणि विषय संपला. सगळीच्या सगळी सात अक्षरं वापरायची असती तरी सोपं होतं: ७! ला ३!, २! आणि २! ने भागा, उत्तर २१०. अडचण येते ती अधल्यामधल्या प्रश्नात. चार जागा, सात अक्षरं, आणि कोणतं अक्षर किती वेळा येणार हे ठरलेलं नाही.

हाताने करायचं तर आधी प्रकार पाडावे लागतात: एकही क नाही, दोन म, दोन ल; एक क, एक म, दोन ल; असे एकूण आठ प्रकार निघतात. मग प्रत्येक प्रकाराच्या रचना मोजून बेरीज. आठ प्रकार जमतात. पण वेगवेगळी अक्षरं पाच-सहा झाली आणि शब्द लांबला की एखादा प्रकार हमखास सुटतो, आणि सुटला हे कळतही नाही. घातांकी जनक फलन, म्हणजे एक्स्पोनेन्शियल जनरेटिंग फंक्शन, हे प्रकार पाडण्याचं काम बहुपदींच्या गुणाकारावर सोपवतं.

आधी कारण, मग कृती

एका प्रकाराकडे नीट पाहू: दोन क, एक म, एक ल. चार जागांवर ही अक्षरं मांडायच्या रीती अशा:

```
4! / (2! · 1! · 1!) = 12
```

या भागाकारात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरचा ४! फक्त शब्दाच्या लांबीवर अवलंबून आहे, प्रकार कोणताही असो, तो तोच राहतो. खालचा प्रत्येक फॅक्टोरियल मात्र एकेका अक्षराचा स्वतःचा आहे: क दोनदा आला म्हणून २!, म एकदा आला म्हणून १!. म्हणजे प्रत्येक अक्षराने आपापला `1/k!` आणायचा, ते सगळे गुणायचे, सगळ्या प्रकारांची बेरीज करायची आणि शेवटी एकदाच ४! ने गुणायचं. सगळी युक्ती एवढीच. `x` चं काम फक्त हिशेब ठेवण्याचं: अक्षर k वेळा वापरलं तर `x^k` लिहायचं, म्हणजे गुणाकारात घातांकांची बेरीज आपोआप होते आणि ती शब्दाची लांबी सांगते.

पायरी १: प्रत्येक अक्षरासाठी एक बहुपदी लिहा

क शून्य ते तीन वेळा येऊ शकतो. म आणि ल शून्य ते दोन वेळा.

```
क :  1 + x + x^2/2! + x^3/3!
म :  1 + x + x^2/2!
ल :  1 + x + x^2/2!
```

सुरुवातीचा १ विसरू नका. ‘हे अक्षर वापरलंच नाही’ ही शक्यता तोच धरतो. तो गाळलात तर ते अक्षर किमान एकदा सक्तीने वापरल्यासारखं होतं. कधीकधी नेमकं हेच हवं असतं, त्याकडे पुढे येऊ.

पायरी २: गुणाकार करा, पण हव्या त्या घातापुरताच

म आणि ल यांच्या बहुपदी सारख्या आहेत, म्हणून आधी त्यांचा गुणाकार:

```
(1 + x + x^2/2)^2 = 1 + 2x + 2x^2 + x^3 + x^4/4
```

आता याला क च्या बहुपदीने गुणायचं. आपल्याला चार अक्षरी शब्द हवेत, तेव्हा फक्त `x^4` चा सहगुणक काढला की पुरे. क एकदाही न येता बाकीची चार, क एकदा येऊन बाकीची तीन, अशा जोड्या लावत गेलं की:

```
1 · 1/4  +  1 · 1  +  1/2 · 2  +  1/6 · 2  =  31/12
```

पायरी ३: लांबीच्या फॅक्टोरियलने गुणा

`31/12` ला ४!, म्हणजे २४ ने गुणलं की ६२. चार अक्षरी शब्द ६२ आहेत.

नवखे बहुतेक वेळा ही तिसरी पायरी विसरतात. पण ही चूक सहसा लपत नाही, कारण सहगुणक बहुधा अपूर्णांक असतो आणि शब्दांची संख्या अपूर्णांकात येऊच शकत नाही. उलट, फॅक्टोरियलने गुणल्यावरही अपूर्णांक उरला, तर गुणाकारात काहीतरी चुकलं आहे हे नक्की.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. बहुपदीतले फॅक्टोरियल गाळून नुसतं `1 + x + x^2 + x^3` असं लिहिलं तर `x^4` चा सहगुणक ८ येतो. हा पूर्णांक दिसतो, म्हणून शंकाही येत नाही. पण ही संख्या निवडींची आहे, शब्दांची नव्हे. वर म्हटलेले ते आठ प्रकार हेच. क्रमाला महत्त्व नसेल तेव्हा साधं जनक फलन बरोबर, क्रमाला महत्त्व असेल तेव्हा घातांकी.

ताळा कसा पाहावा

उत्तर दुसऱ्या वाटेने तपासू. मर्यादा नसताना शब्द ८१. त्यांतले नियम मोडणारे वजा करू. चारही क: एक शब्द. तीन किंवा चार म: तीन म असतील तर उरलेलं एक अक्षर चार जागांपैकी कुठेही आणि दोन पर्यायांपैकी कोणतंही, म्हणून ८, शिवाय ‘मममम’ हा एक, एकूण ९. ल चेही ९. दोन नियम एकदम मोडायला चार जागा पुरत नाहीत. ८१ − १९ = ६२. जमलं.

वेळ असेल तर पूर्ण गुणाकार करून सगळ्या लांबींची उत्तरं काढा. शून्यापासून सात अक्षरांपर्यंत ती अशी येतात: १, ३, ९, २५, ६२, १३०, २१०, २१०. शेवटच्या दोन संख्या सारख्या आल्या हा योगायोग नाही. सातही अक्षरं वापरून केलेल्या शब्दाचं शेवटचं अक्षर पुसलं तर सहा अक्षरी शब्द मिळतो, आणि सहा अक्षरी शब्द दिसला की पुसलेलं अक्षर कोणतं हे साठ्यावरून ओळखता येतं. त्यामुळे दोन्ही संख्या जुळायलाच हव्यात. अशा कुठल्याही प्रश्नात हा फुकटचा ताळा हाताशी असतो.

सहगुणक दशांशात मात्र लिहू नका. `1/6` ऐवजी 0.17 घेतलं तर चार अक्षरांसाठी ६२.१६ येतं आणि आपण ‘६२च असणार’ म्हणून पुढे जातो. सात अक्षरांसाठी मात्र त्याच आकड्याने २१४.२ येतं, खरं उत्तर २१० असताना. फॅक्टोरियल मोठा झाला की बारीक चूकही तितकीच फुगते. अपूर्णांक अपूर्णांकच राहू द्या.

अट बदलली तर

या पद्धतीची खरी मजा इथे आहे. अट बदलली तरी बाकीचा हिशेब तसाच राहतो, ज्या अक्षराची अट बदलली त्याची बहुपदी तेवढी बदलायची.

समजा, चार अक्षरी शब्दात क किमान एकदा हवाच. क च्या बहुपदीतला १ काढून टाका. मघाच्या बेरजेतली `1 · 1/4` ही पहिली जोडी गळते, उरतं `7/3`, आणि २४ ने गुणून ५६. (क नसलेले शब्द म्हणजे दोन म आणि दोन ल यांच्या मांडण्या, त्या सहा. ६२ − ६ = ५६.)

एखाद्या अक्षराला मर्यादाच नसेल तर त्याची बहुपदी संपतच नाही, आणि `1 + x + x^2/2! + …` ही मालिका म्हणजे `e^x`. या फलनाला घातांकी म्हणतात ते यामुळेच. तिन्ही अक्षरं अमर्याद असतील तर गुणाकार `e^(3x)`, त्यातला `x^n` चा सहगुणक `3^n/n!`, आणि `n!` ने गुणलं की `3^n`. चार अक्षरांसाठी ८१, सुरुवातीला काढलेलंच.

क फक्त सम वेळा यावा, बाकी दोघांना मर्यादा नाही, अशी अट असेल तर क साठी फक्त सम घात ठेवायचे. ती मालिका `(e^x + e^(-x))/2` आहे. तिला `e^(2x)` ने गुणलं की:

```
(e^(3x) + e^x) / 2    →    (3^n + 1) / 2
```

दोन अक्षरी शब्दांसाठी हे ५ देतं: ‘कक’ आणि म, ल यांचे चार. प्रकार पाडत बसलो असतो तर इतकं सुटसुटीत सूत्र हाती लागणं अवघडच होतं.

संगणकावर करायचं असेल तर

अपूर्णांकांची कटकट टाळायची एक सोपी वाट आहे. आधीच्या अक्षरांचे शब्द मोजून ठेवलेत असं समजा. नवीन अक्षर k वेळा घालायचं तर i जागांपैकी k जागा त्याच्यासाठी निवडायच्या आणि उरलेल्या जागांवर जुना शब्द बसवायचा. घातांकी फलनांच्या गुणाकारात आतून हेच चाललेलं असतं, इथे फक्त सगळे आकडे पूर्णांक राहतात.

```python
from math import comb

def shabda(maryada, n):
    f = [1] + [0] * n
    for m in maryada:
        f = [sum(comb(i, k) * f[i - k]
                 for k in range(min(m, i) + 1))
             for i in range(n + 1)]
    return f

print(shabda([3, 2, 2], 7))
# [1, 3, 9, 25, 62, 130, 210, 210]
```

कुठे चालत नाही

अक्षर किती वेळा आलं एवढंच बहुपदीला कळतं, कुठे आलं ते नाही. त्यामुळे ‘दोन म शेजारी नकोत’ किंवा ‘पहिलं अक्षर ल नको’ अशा अटी सहगुणक बदलून घालता येत नाहीत.

शेजारच्या अटीवर कधीकधी तोडगा निघतो. ‘मम’ हा जोड एकच चिन्ह समजा. चार अक्षरी शब्दात तो जोड आणि आणखी दोन अक्षरं, म्हणजे एकूण तीन वस्तू. जोड नेमका एकदा येतो म्हणून त्याचा घटक नुसता `x`, आणि दोन्ही म त्यात खर्ची पडले म्हणून म ची वेगळी बहुपदी नको. `x` ला क आणि ल यांच्या बहुपदींनी गुणलं की `x^3` चा सहगुणक २ येतो. वस्तू तीन, म्हणून फॅक्टोरियल ३!, आणि उत्तर १२. तेव्हा म शेजारी नसलेले शब्द ६२ − १२ = ५०.

हा तोडगा चालला कारण म दोनच होते. तीन म असते तर ‘ममम’ मध्ये जोड दोन ठिकाणी दिसला असता आणि तोच शब्द दोनदा मोजला गेला असता. तिथे सरळ वजाबाकी पुरत नाही, आधी म सोडून बाकीची अक्षरं मांडायची आणि त्यांच्यामधल्या फटींत म बसवायचे.