या चुका टाळा: ग्रुपवर ‘अर्जंट’ लिहिलं आणि कुणीच हललं नाही

आमचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे, माणसं नऊ. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑफिसचा एक ग्रुप, आणि सगळं त्याच्यावरच: चलनाचे फोटो, कोण उशिरा येणार, अशिलांच्या तक्रारी, वाढदिवसाचे केक. एका रात्रीपर्यंत हे बरं चाललं होतं.

हळदीच्या एका व्यापाऱ्याची स्वतःची गाडी परराज्यात निघाली होती आणि वाटेत बंद पडली. माल रस्त्याने नेताना जीएसटी पोर्टलवरून काढावं लागणारं तिचं ई-वे बिल त्याच रात्री बाराला संपत होतं. मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्याच वेळात ती पोर्टलवर वाढवता येते. म्हणजे आमच्या हातात सकाळी आठपर्यंतचा वेळ होता. व्यापाऱ्याच्या मुनीमांनी आमच्या एका सहकाऱ्याला फोन केला आणि त्याने रात्री सव्वानऊला ग्रुपवर टाकलं, “अर्जंट. हळदीच्या गाडीचं बघा.” सहा जणांनी वाचलं. सकाळी पावणेनऊला पोर्टल उघडलं, तेव्हा मुदतवाढीची वेळ निघून गेली होती. वैध बिलाशिवाय गाडी अडवली गेली असती, तर जीएसटी कायद्याच्या कलम 129 खाली कराच्या दुप्पट दंड भरावा लागला असता. गाडी अडवली नाही, हे केवळ नशीब.

चूक पहिली: ‘अर्जंट’ म्हणजे काय, हे ठरवलेलंच नसतं

त्या आठवड्यात ग्रुपवर ‘अर्जंट’ शब्द कितीदा आला होता ते आम्ही मागे जाऊन बघितलं. शाई संपली तेही अर्जंट, अशील चिडलाय तेही अर्जंट. तातडी लिहिणाऱ्याच्या जीवाच्या घालमेलीवरून ठरत होती.

आता आम्ही एकच प्रश्न विचारतो: कोणत्या वेळेनंतर हे काम दुरुस्त होणार नाही, किंवा पैसे जातील? ती वेळ पुढच्या चार तासांत किंवा ऑफिस उघडण्याआधी येत असेल, तरच ते अर्जंट. ई-वे बिलाची मुदतवाढ यात बसते. 20 तारखेच्या, म्हणजे शेवटच्या दिवसाच्या, संध्याकाळी अडकलेलं जीएसटीचं मासिक 3बी रिटर्नही बसतं. तेच रिटर्न 14 तारखेला अडकलं तर ते आजचं काम आहे, पण अर्जंट नाही. चिडलेला अशीलही नाही. (यावर आमच्याकडे बराच वाद झाला. पण अशिलाच्या रागाला तारीख नसते, यावर शेवटी सगळे आले.)

चार तास हे आमच्या कामाचं माप. तुमच्याकडे ते वेगळं असेल.

चूक दुसरी: अर्जंट निरोपाला वेगळी वाट नसते

रात्री सगळे ग्रुप म्यूट करतात, आणि करावेतच. म्हणून अर्जंट गोष्ट ग्रुपवर लिहायचीच नाही, फोन करायचा. पहिला उचलला नाही तर तीन मिनिटांच्या आत त्याच नंबरवरून दुसरा. यामागे कारण आहे. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलेलं असलं, तरी त्याच नंबरवरून पुन्हा आलेला फोन वाजू द्यायची सोय बहुतेक मोबाइलमध्ये असते. आयफोन त्यासाठी तीन मिनिटं धरतो, अँड्रॉइड साधारण पंधरा. ही सोय प्रत्येकाच्या फोनमध्ये चालू आहे ना, ते आम्ही एकदा समोर बसून तपासलं. दोघांकडे बंद निघाली.

दुसराही फोन उचलला नाही तर पुढचा कोणाला, हेही ठरलेलं हवं. आमच्याकडे दोन नावं भिंतीवर लावलीत.

बाकीच्या वाटा सोप्या आहेत. अशिलाची कागदपत्रं आणि पुढे कधी पुरावा म्हणून शोधावी लागेल अशी प्रत्येक गोष्ट ईमेलवर. त्याच दिवशीचं साधं काम ग्रुपवर. केकसाठी वेगळा ग्रुप.

चूक तिसरी: निळी टिक म्हणजे होकार, असं धरणं

त्या रात्री सहाही जणांना वाटलं, दुसरा कुणीतरी बघेल. मेसेज दाबून धरून ‘इन्फो’ पाहिलं की कोणी वाचलं ते कळतं, काम कोणी घेतलं ते कळत नाही. म्हणून निरोपात काम, वेळ आणि एकाच माणसाचं नाव हवं, आणि त्या माणसाने “घेतलं” असं लिहायचं. त्या रात्रीचा निरोप फोनवर असा जायला हवा होता: “हळदीची गाडी बंद पडलीय, ई-वे बिलाची मुदत सकाळी आठच्या आत वाढवायचीय, तू करतेस का?”

चूक चौथी: साहेबांनाच नियम लागू नसतो

ही माझी. नियम ठरल्यावर तिसऱ्याच रात्री मी साडेदहाला दोनदा फोन केला, उद्याच्या मीटिंगची फाइल कुठे आहे हे विचारायला. पलीकडची मुलगी धावत लॅपटॉप उघडून बसली होती. “सर, हे अर्जंट आहे का?” तिने विचारलं. नव्हतं. त्यानंतर रात्रीचा प्रत्येक दुहेरी फोन आम्ही एका वहीत लिहितो, कारणासकट. शनिवारी वही उघडतो. पहिली नोंद माझ्याच नावाची आहे.